आयगेनव्हॅल्यूंनी अक्ष ओलांडला, एवढ्यावर विसंबू नका

“प्रणालीच्या समतोल बिंदूपाशी काढलेल्या आयगेनव्हॅल्यूंची जोडी काल्पनिक अक्ष ओलांडून उजवीकडे गेली, की लहानसं, स्थिर आंदोलन सुरू होतं ना?”

नेहमीच नाही. ओलांडण्यातून कळतं ते इतकंच, की समतोल बिंदू अस्थिर झाला आणि सुरुवातीचा डोलण्याचा वेग किती. आंदोलन कुठे थांबेल, हे अरेषीय पदं ठरवतात.

हे उदाहरण बघा, यात μ हा आपण हळूहळू बदलायचा आकडा:

```
x' = μx − y − x(x²+y²)
y' = x + μy − y(x²+y²)
```

मूळबिंदूपाशी आयगेनव्हॅल्यू μ ± i. त्रिज्येचं समीकरण r' = μr − r³. μ = 0.04 असेल, तर मार्ग आतून-बाहेरून 0.2 त्रिज्येच्या वर्तुळावर येतात. μ शून्याकडे नेला की वर्तुळ √μ प्रमाणे आक्रसतं. समज खरा ठरतो तो इथे.

आता घन पदांपुढचं फक्त चिन्ह बदला: r' = μr + r³. आयगेनव्हॅल्यू त्याच! पण μ = −0.04 असताना 0.2 त्रिज्येचं वर्तुळ अस्थिर असतं. धक्का त्याबाहेर गेला, तर आयगेनव्हॅल्यू ‘स्थिर’ म्हणत असतानाही मार्ग दूर पळतो. μ शून्याच्या पुढे गेल्यावर तर लहान आंदोलनच उरत नाही. प्रत्यक्ष यंत्रणेत बहुधा एकदम मोठं आंदोलन उसळतं आणि μ पुन्हा थोडा ऋण केला तरी लगेच थांबत नाही.