खात्यातून गेले, दुकानात पोहोचलेच नाहीत: यूपीआयचे अडकलेले पैसे

ऑनलाइन दुकानातून १,२४९ रुपयांचा मिक्सरचा जार मागवला. यूपीआयचा पिन टाकला, बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज आला आणि दुकानाच्या पानावर मात्र ‘पेमेंट अयशस्वी’. आता हे पैसे ना आपल्याकडे, ना दुकानदाराकडे, मग आहेत कुठे? बहुतेकांना वाटतं की ते मधल्या वाटेवर कुठेतरी अडकलेत. पण यूपीआयमध्ये त्या क्षणी पैसे प्रवास करतच नाहीत, प्रवास करतात ते निरोप. तुमच्या बँकेने तुमच्या खात्यात १,२४९ नावे टाकले, म्हणजे कापले, एवढंच घडलेलं असतं. बँकाबँकांमधला खरा हिशेब दिवसातून अनेक वेळा एकगठ्ठा, वजाबाकी करून पुरा होतो. म्हणजे ‘अडकलेली’ रक्कम बहुतेक वेळा एखाद्या बँकेच्याच वहीत असते. फक्त ती कुणाची, यावर दोन वह्यांचं एकमत झालेलं नसतं.

पिन टाकल्यावर निरोप असे फिरतात. तुमचं अ‍ॅप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेला विनंती पाठवतं. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगतं, ‘एवढे नावे टाका’. बँकेचा होकार आला की ते दुकानाच्या बँकेला सांगतं, ‘एवढे जमा करा’. तिचाही होकार आला की दोन्हीकडे निकाल कळवला जातो आणि दुकानाच्या वतीने पैसे घेणारी पेमेंट गेटवे कंपनी दुकानाच्या सर्व्हरला ‘ऑर्डर पक्की करा’ म्हणते. यातला कुठलाही निरोप हरवू शकतो किंवा उशिरा येऊ शकतो. कुठला हरवला, त्यावर पैसे कसे परत येणार हे ठरतं.

आधी तुमच्या बँकेकडचा घोळ पाहू. समजा १० नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ८ वाजून ४१ मिनिटं ६ सेकंदांनी ‘नावे टाका’ हा निरोप बँकेत पोहोचला. बँकेने रक्कम कापली, पण तिच्या मुख्य प्रणालीवर ताण होता आणि उत्तर वेळेत निघालं नाही. जून २०२५ पासून या उत्तरासाठी १५ सेकंदांची मुदत आहे, त्याआधी ती ३० सेकंद होती. मुदत टळली की एनपीसीआय व्यवहार अयशस्वी ठरवतं, दुकानाला तसं कळवतं आणि तुमच्या बँकेला उलट निरोप धाडतं: ‘कापले असतील तर परत टाका’. हा निरोप लागू पडला तर पैसे काही मिनिटांत परत दिसतात. पण जी प्रणाली पंधरा सेकंदांत पहिलं उत्तर देऊ शकली नाही, ती दुसऱ्या निरोपालाही अडखळू शकते. मग उरतो ताळमेळ. बँक आपल्याकडच्या नावे नोंदी एनपीसीआयच्या यशस्वी व्यवहारांच्या यादीशी जुळवते. तुमच्या नोंदीला जोडीदार सापडत नाही, म्हणून ती रक्कम तुमच्या खात्यात परत जमा होते.

दुकानाच्या बँकेकडून उत्तर आलं नाही तर लगेच पैसे परत का करत नाहीत, हा रास्त प्रश्न आहे. अडचण अशी की उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे. दुकानाच्या बँकेने रक्कम जमा केली असेल आणि फक्त तिचा होकार हरवला असेल, तर घाईने केलेल्या परताव्यामुळे एकच रक्कम दोघांना मिळेल. मौनाचा अर्थ लावण्यापेक्षा याद्या जुळेपर्यंत थांबणं सुरक्षित. अ‍ॅपवर ‘प्रलंबित’ दिसतं ते याच काळात.

दुसरा घोळ जास्त फसवा असतो. यात दोन्ही बँकांचं काम चोख होतं, अ‍ॅपवर हिरवी खूण येते, पण गेटवेचा निरोप दुकानाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही किंवा ऑर्डरची मुदत संपल्यावर पोहोचतो. पेमेंटच्या पानावर उलटं मोजणारं घड्याळ असतं ते याच मुदतीचं. इथे तुमची बँक ‘व्यवहार यशस्वी’ म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल. रक्कम गेटवेच्या खात्यात जमा आहे. ती ‘ऑर्डर संपली’ अशा नोंदीवर आली म्हणून गेटवे आपोआप परत करते, किंवा दुकानदाराला परत करावी लागते. काही दुकानं मात्र उशिरा आलेला निरोप स्वीकारून जुनी ऑर्डर जिवंत करतात. तुम्ही घाईने दुसऱ्यांदा पैसे भरले असतील, तर दोन जार घरी येतात!

तेव्हा आधी अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती पाहा. अयशस्वी किंवा प्रलंबित असेल तर तक्रार त्याच अ‍ॅपमधून किंवा बँकेकडे करायची. यशस्वी असेल तर आधी दुकानाला गाठायचं. दोन्हीकडे मागतात तो बारा आकडी क्रमांक. कुठे त्याला UTR म्हणतात, कुठे UPI Ref No. पासबुकात तो साधारण असा दिसतो:

```
UPI/DR/531412345678/...
```

यातला पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ५ म्हणजे २०२५, ३१४ म्हणजे १० नोव्हेंबर. चुकीच्या व्यवहाराचा क्रमांक देण्याची चूक यावरून चटकन पकडता येते. परतावा दुकानाकडून येणार असेल तर दुकानाकडे परताव्याचा स्वतंत्र क्रमांक मागा. ‘रिफंड केला आहे’ एवढ्या उत्तरावर बँक काही शोधू शकत नाही.

मुदतीबाबत रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक स्पष्ट आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर ते व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा होऊ शकले नाहीत, तर मुदत एकच दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. आपल्या उदाहरणात मुदत १५ नोव्हेंबरला संपते. पैसे १८ तारखेला आले, तर १,२४९ सोबत ३०० रुपये यायला हवेत. ते आपसूक आले नाहीत, तर तारखांसह लेखी मागा. मात्र तुम्ही स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरचा परतावा किंवा भलत्याच माणसाला पाठवलेले पैसे या नियमात बसत नाहीत, कारण तिथे व्यवहार अयशस्वी झालेलाच नसतो.

अ‍ॅपमधली तक्रार मिटली नाही तर बँकेकडे लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा मिळालेलं उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याआधी गेलात तर तक्रार स्वीकारली जात नाही.

या मधल्या दिवसांतच ठगांचं फावतं. ‘कस्टमर केअर’ म्हणून इंटरनेटवर शोधलेला नंबर अनेकदा त्यांचाच निघतो. नंबर घ्यायचा तो अ‍ॅपच्या मदत विभागातून किंवा बँकेच्या कार्डामागचा. परतावा येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं, तर ते तुमच्या खात्यातून आणखी एक नावे नोंद करायला निघालेले आहेत.