पारव्याची मान मागे जातच नाही

आमच्या खिडकीच्या ग्रिलबाहेर पत्र्याच्या छज्जावर पारव्यांची सकाळी सहापासून वर्दळ असते. पाऊल पडलं की मान पुढे, मग मागे. एखाद्या गोष्टीला सारखा होकार द्यावा, तशी. एका रविवारी मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्यांचं चालणं टिपलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. पारव्याचा डोळा ग्रिलच्या एका गजाला लागून होता. पुढच्या बऱ्याच फ्रेम डोळा त्याच गजापाशी राहिला आणि छाती, पंख, शेपूट तेवढी पुढे सरकत राहिली. मग मानेने एकदम झेप घेतली आणि डोळा पुढच्या गजाकडे गेला. सगळी चित्रफीत पुन्हा पाहिली, पण मान मागे जाताना एकदाही दिसली नाही.

हे पहिल्यांदा कागदावर आलं ते 1930 साली. नाइट डनलॅप आणि ओ. एच. माउरर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चालत्या पक्ष्यांची चलच्चित्रं घेतली आणि त्यांना हेच आढळलं. डोकं आधी झटक्यात पुढे जातं, मग जमिनीच्या संदर्भात आहे तिथेच थांबतं आणि मागून धड येऊन त्याला गाठतं. आपली नजर धडाबरोबर पुढे जात असते, म्हणून थांबलेलं डोकं आपल्याला मागे गेल्यासारखं वाटतं.

डोकं थांबतं का, हा प्रश्न मात्र पुढे बराच काळ रेंगाळला. एक साधा तर्क असा होता की पाय टाकताना तोल सावरायला मान हलत असावी. दुसरा तर्क नजरेचा. दोन्ही पटण्यासारखे, कारण चालताना पाय आणि आजूबाजूचं दृश्य दोन्ही एकाच वेळी हलतात. खरा पेच होता तो या दोघांना वेगळं करण्याचा.

1975 मध्ये फ्रीडमन या संशोधकाने होल्यांवर प्रयोग केले. पक्षी आणि त्याच्या भोवतीच्या भिंती वेगवेगळ्या हलवता येतील अशी त्याची मांडणी होती. भिंती सरकल्या की पक्षी चालत नसतानाही मान हलायची. म्हणजे सूत्र पायांच्या हाती नव्हतं.

तीन वर्षांनी, 1978 मध्ये, कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या बॅरी फ्रॉस्ट यांनी पारव्याला ट्रेडमिलवर चालवलं. मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. पट्टा मागे सरकतो, पारवा पुढे पावलं टाकतो, म्हणून तो खोलीत आहे तिथेच राहतो. पाय नेहमीसारखे चालतात, तोल नेहमीसारखा सांभाळावा लागतो, पण समोरची खोली जराही सरकत नाही. पारवा चालत राहिला आणि त्याची मान हलायची थांबली. तोल सावरण्यासाठी मान हलत असती, तर ती इथेही हललीच पाहिजे होती. तोलाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

आपलंही असंच होतं, फक्त आपण ते डोळ्यांनी करतो. लोकलच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे नीट पाहा. ते एखाद्या खांबाला धरून राहतात, खांब मागे जाईल तसे त्याच्याबरोबर फिरतात आणि मग झटक्यात पुढच्या खांबावर उडी मारतात. दृश्य डोळ्याच्या पडद्यावर घसरत राहिलं तर ते पुसट दिसतं, म्हणून ते थोडा वेळ तरी धरून ठेवायला हवं. पारव्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, आकाराने मोठे आणि खोबणीत आपल्याइतके मोकळे न फिरणारे. मान मात्र लांब आणि लवचिक. मग जे काम आपल्याकडे बुबुळं करतात ते त्याच्याकडे मानेवर आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण 1988 मध्ये डेव्हिस आणि ग्रीन यांनी त्यात खोच काढली. पारवा जमिनीवर उतरत असताना, हवेत असतानाच, त्याची मान झटके देते. तेव्हा डोकं जागेवर थांबलेलं नसतंच, ते सतत पुढे जात असतं, फक्त कधी कमी वेगाने, कधी जास्त. दृश्य स्थिर ठेवणं हे एकच कारण असेल तर हा खटाटोप कशाला? त्यांचं म्हणणं असं की झटक्याच्या क्षणालाही स्वतःचं काम आहे. डोकं वेगाने पुढे गेलं की जवळचा दाणा दृश्यात जास्त सरकतो आणि मागची भिंत कमी. बाजूंना डोळे असलेल्या पक्ष्याला अंतर जोखायला हा फरक उपयोगी पडतो. त्यामुळे थांबणं आणि झेपावणं या दोन्हींची कामं वेगळी असावीत, असं मला वाटतं. ट्रेडमिलने पहिल्याचा उलगडा केला, दुसऱ्याचा पुरावा तितका नेटका नाही.

कोंबडी हेच करते, बदक करत नाही. छज्जावरचा पारवाही घाबरून पळायला लागला की मान हलवायची सोडून ती ताणून धरतो. हात वर केलात की तुम्हालाही दिसेल.