ऑथेलोतली शेवटची चाल : कप्पे मोजण्यामागची पार्श्वभूमी

‘पॅरिटी आपल्या बाजूने ठेवा’, म्हणजे मोकळ्या घरांचा सम-विषम हिशोब असा ठेवा की शेवटची चाल आपली होईल, हा सल्ला ऑथेलो खेळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो, पण त्यात दोन वेगळे हिशोब एकत्र बांधलेले असतात. पहिला सगळ्या पटाचा. सुरुवातीला 60 घरं मोकळी असतात, काळा आधी खेळतो, आणि कुणालाच पास पडला नाही, म्हणजे चाल नसल्याने पाळी सोडावी लागली नाही, तर साठावी चाल पांढऱ्याची. दुसरा हिशोब एकेका कप्प्याचा. शेवटाकडे मोकळी घरं दोन-दोन, तीन-तीनच्या तुकड्यांत विखुरतात आणि प्रत्येक तुकड्यात शेवटची सोंगटी कोण ठेवणार, हे पाहावं लागतं. आपल्या दोन सोंगट्यांच्या मधे सापडलेल्या समोरच्याच्या सोंगट्या उलटून आपल्या रंगाच्या होतात; त्या शेवटच्या सोंगटीने उलटवलेलं परत उलटवायला त्या कप्प्यात घरच उरत नाही, म्हणून तिची किंमत जास्त.

या खेळाचा पूर्वज रिव्हर्सी 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये आला. तिथली एकच गोष्ट इथे कामाची आहे. प्रत्येकाला स्वतःच्या वाट्याच्या 32 सोंगट्या असत. 1970च्या दशकात जपानमध्ये ऑथेलो म्हणून खेळ बाजारात आला, तेव्हा सोंगट्यांचा साठा दोघांचा मिळून झाला. समोरच्याला पास पडला की त्याची चाल आणि त्याची सोंगटी दोन्ही आपल्याला मिळतात. पॅरिटी उलटवण्याची पुढची सगळी कला या सोयीवर उभी आहे. 1977 मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि शेवटच्या टप्प्याचा गंभीर अभ्यास त्यानंतर वाढला.

‘कप्पे मोजा, प्रत्येकात शेवटची चाल घ्या’ हे सूत्र ऐकायला दोघांसाठी सारखं वाटतं, पण ते पांढऱ्याच्या बाजूचं सूत्र आहे. पास पडलेला नसेल तर काळ्याची पाळी असताना मोकळ्या घरांची एकूण संख्या सम असते. सगळे कप्पे सम असतील तर पांढऱ्याला विशेष डोकं चालवावं लागत नाही. काळा ज्या कप्प्यात शिरेल त्यात मागोमाग शिरायचं. 3, 3 आणि 2 असे कप्पे असले तरी गणित तेच. काळ्याने एक विषम कप्पा उघडला की पांढऱ्याने दुसरा विषम कप्पा उघडायचा. मग 2, 2, 2 उरतात, पाळी काळ्याची, आणि पुन्हा पाठलाग सुरू. चाली एकाआड एक होत राहिल्या तर कितीही मोजलं तरी काळ्याच्या हाती काही लागत नाही. त्याला एक पास हवा असतो. तो आपोआप पडत नाही, पाडावा लागतो.

म्हणून मोजण्यापेक्षा प्रवेशाचा प्रश्न मोठा, असं माझं मत आहे. कप्प्यात किती घरं आहेत हे नंतर. त्यात कोण शिरू शकतो हे आधी.

एक स्थिती घेऊ. काळ्याची चाल आहे आणि चार घरं मोकळी आहेत. डावीकडे वर a1, b1, a2 हा तिघांचा कप्पा आणि उजवीकडे खाली एकटा h8 कोपरा. h8 चे तिन्ही शेजारी, म्हणजे g8, g7 आणि h7, पांढरे आहेत, तर f8 वर काळी सोंगटी आहे. पांढऱ्याला h8 वर खेळायचं तर शेजारी निदान एक काळी सोंगटी हवी, आणि तिथे एकही नाही. काळ्याला मात्र f8 मुळे g8 उलटवता येतं, म्हणजे कोपरा त्याला कधीही घेता येतो. वरच्या तीन घरांत दोघांनाही चाली आहेत असं धरू.

कोपरा दिसला की हात तिकडे वळतो. काळ्याने लगेच h8 घेतला तर वर तीन घरं उरतात आणि पाळी पांढऱ्याची. पांढरा, काळा, पांढरा. शेवटची चाल पांढऱ्याची, आणि चारपैकी दोन चाली त्याच्या. आता उलट करू. काळा आधी वरच्या कप्प्यात खेळतो. पांढऱ्यापुढे तिथलीच दोन घरं असतात, त्यातलं एक तो घेतो. तिसरं काळा घेतो. पांढऱ्यासमोर फक्त h8 उरतं, तिथे त्याला खेळता येत नाही, म्हणून पास. मग काळा निवांतपणे कोपरा घेतो. दोन्ही कप्प्यांत शेवटची चाल काळ्याची, आणि चारपैकी तीन चाली त्याच्या.

पांढरा हे का मोडू शकत नाही? पांढऱ्याच्या चालीने काळ्या सोंगट्या पांढऱ्या होतात, पांढऱ्या कधी काळ्या होत नाहीत. h8 शेजारच्या पांढऱ्या भिंतीत फट पाडण्याची ताकद फक्त काळ्याच्या चालीत आहे. वरच्या तीन घरांतून ती फट पडतही नाही. a1, b1 आणि a2 वरून निघणाऱ्या तिरक्या रेषा अनुक्रमे g7, h7 आणि g8 वर पोचतात खऱ्या, पण त्या सोंगट्यांच्या पलीकडे एकतर रिकामं h8 आहे किंवा पटाची कड, म्हणून त्या उलटत नाहीत. समजा h6 सुद्धा मोकळं असतं आणि काळ्याने तिथे सोंगटी ठेवली असती, तर h6 आणि f8 च्या मधली g7 काळी झाली असती. त्यातच f6 पांढरं असेल तर पांढऱ्याला h8 उघडा, पास नाही, सगळा हिशोब विस्कटला. असे डाव हरतात ते मोजणी चुकली म्हणून नव्हे, राखून ठेवलेल्या कप्प्याची भिंत आपणच पाडली म्हणून.

पुढची गोष्ट संगणकांची, आणि ती अलीकडची असल्यामुळे जरा जास्तच सांगितली जाते. शेवट अचूक सोडवणाऱ्या प्रोग्रामना खरे कप्पे शोधणं महाग पडत होतं. त्यामुळे अनेकांत एक स्वस्त तोडगा रुजला : पटाचे 4×4 चे चार चौकोन करायचे आणि प्रत्येकात मोकळी घरं सम की विषम एवढंच एका बिटमध्ये ठेवायचं. चाल झाली की ती बिट उलटते. विषम चौकोनातल्या चाली आधी तपासायच्या, बस. तोडगा उघडच ओबडधोबड आहे. d1 आणि e1 ही शेजारची दोन घरं मोकळी असली तर तो खरा एकच सम कप्पा, पण चौकोनांची रेघ बरोबर मधून जाते आणि प्रोग्रामला दोन विषम दिसतात. तरीही शोध पुरेसा वेगवान होतो, कारण प्रोग्राम पॅरिटीवर विसंबून निर्णय घेत नाही. आधी काय पाहायचं एवढंच तिला विचारतो आणि मग सगळं तपासतो. ती चुकली तर वेळ जातो, उत्तर बदलत नाही. माणसाला सगळं तपासता येत नाही, म्हणून त्याला हे सूत्र नियमासारखं शिकवलं गेलं. इथेच त्याला नको तेवढं वजन आलं.

शेवटची चाल मुळात पांढऱ्याची, मग पांढरा जिंकायलाच हवा का, हा वाद जुना आहे. 6×6 च्या लहान पटाचं उत्तर 1993 मध्येच निघालं : दोघं अचूक खेळले तर दुसरा खेळाडू 20-16 ने जिंकतो. पांढऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा दाखला सोयीचा होता. पूर्ण पटाबद्दल 2023 मध्ये संगणकीय सिद्धता मांडली गेली. तिच्यानुसार अचूक खेळात डाव बरोबरीत सुटतो. साठावी चाल पांढऱ्याची असण्याचा फायदा मोठ्या पटावर जिंकायला पुरत नाही.