घोडा शांत झाला, पण नाडी ९२

श्रावणात गोव्यात पेडण्याच्या बाजूच्या एका पागेतून रात्री नऊला फोन आला. घोडी सारखी वळून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन खरवडत होती आणि सकाळपासून लीद नव्हती. नऊ वर्षांची घोडी. पावसामुळे पंधरा दिवस फिरवणं बंद, पाणी पिणं कमी, आणि खाली अंथरलेला भाताचा सुका पेंढा तीच चघळत होती.

घोड्याच्या पोटशूळात पहिला प्रश्न एकच असतो: हे औषधाने सुटेल की पोट उघडावं लागेल? आमच्याकडे तो जास्तच टोचतो, कारण ऑपरेशन म्हणजे जनावराला गाडीत घालून घाट चढायचा आणि पुण्या-मुंबईकडे रात्रभर प्रवास करायचा. त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि तो तीन गोष्टींवर घेतला जातो: नाडी, आतड्याचे आवाज आणि हाताला आत काय लागतं ते.

डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून मी पूर्ण एक मिनिट ठोके मोजले: ४८. निरोगी घोड्याचे २८ ते ४४ असतात. दुखण्याने ते थोडे चढतातच. पण साठ ओलांडून तिथेच राहिले, तर ते नुसतं दुखणं नसतं. आतड्याला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, शरीरातलं पाणी आतड्यात साचतं, आतल्या जंतूंची विषं रक्तात झिरपतात आणि हृदय धावू लागतं. म्हणून नाडी आतड्याबद्दल बोलते.

मोजणी इंजेक्शनच्या आधीच हवी. झायलाझिनने घोडा शांत होतो, पण ठोके आणि आतड्याचे आवाज दोन्ही मंदावतात. आतडं सैल करणाऱ्या ब्युस्कोपॅनने उलट अर्धा तास ठोके वाढतात. आधी औषध दिलं, तर पुढचा आकडा घोड्याचा की औषधाचा, हे कळत नाही.

मग कुशीवर, दोन्ही बाजूंना वर आणि खाली, असं चार ठिकाणी ऐकलं. उजव्या कुशीत वरच्या बाजूला, अंधनालातून म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतून, दर दोन-तीन मिनिटांनी नळातून पाणी ओतल्यासारखा लांब आवाज यायला हवा. तो होता, फक्त उशिराने. डावी बाजू जवळजवळ मुकी. चारही ठिकाणी मिनिटामागून मिनिट शांतता असती, तर मला धास्ती वाटली असती.

शेवटी हातमोजा चढवून, भरपूर जेली लावून, गुदमार्गे तपासणी. हात घाईने ढकलला तर गुदाशय फाटतो आणि त्यात जनावर जातं, म्हणून घोडी जोर करते तेव्हा थांबायचं. ओटीपोटाच्या कडेपुढे, डावीकडे, कणकेच्या मोठ्या गोळ्यासारखं काहीतरी लागलं. बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर सुका पेंढा अडकून बसला होता. फुगलेलं लहान आतडं कुठे लागलं नाही. अर्थात, हाताला पोटाचा मागचा तिसरा हिस्साच कळतो. पुढे काय चाललंय ते कळत नाही. म्हणूनच नुसत्या हातावर भरवसा ठेवता येत नाही.

तिन्ही खुणा एकाच दिशेच्या होत्या, म्हणून औषधच. चारा बंद, वेदनाशामक फ्लुनिक्झिनचा एक डोस, नाकातून नळी घालून पोटात काही साचलेलं नाही याची खात्री, आणि मग त्याच नळीने दर दोन तासांनी सहा लिटर क्षारमिश्रित कोमट पाणी. मध्यरात्री ठोके ४०. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक लिदेचे गोळे पडले, वर पांढरट चिकट थर. सईसाने ते टोपलीत भरून मला दाखवले.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका तबेल्यात अठरा वर्षांचा घोडा. संध्याकाळी तो लोळत होता. घरात उरलेलं वेदनाशामक टोचलं, तो उभा राहिला, सगळे झोपले. पहाटे मला बोलावलं तेव्हा मालक म्हणाले, "आता बरा आहे, बघा किती शांत आहे." घोडा मान खाली घालून उभा होता, कान गार, हिरड्या जांभळट. ठोके ९२. चारही ठिकाणी एकही आवाज नाही. आत हात घातला तर सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबसारखी लहान आतड्याची वेटोळी, एकावर एक. एरवी निरोगी घोड्यात लहान आतडं हाताला लागतही नाही. नळीतून अकरा लिटर आंबूस पाणी आलं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं असतं तर जठर फुटलं असतं.

वेदना थांबली होती, कारण आतड्याचा अडकलेला भाग मेला होता. हेच मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं: दुखणं ओसरलं आणि नाडी चढतच राहिली, तर ती सुधारणा नाही. बारा तासांपूर्वी घाट चढण्यात अर्थ होता. आता मालकांच्या संमतीने मी त्याला कायमचं झोपवलं. पोट उघडून पाहिलं, तर लिंबाएवढी चरबीची गाठ, आणि तिच्या लांब देठाने लहान आतड्याला घट्ट फास बसलेला. पुढचं दोन-तीन मीटर आतडं काळंनिळं पडलं होतं.