सेलर खरा आहे आणि वस्तू त्याच्याकडे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सेकंडहँड साइटवर महागातलं काही घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सेलरला फिरून फिरून एकच विचारतात, तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि समोरचा लगेच आयडी कार्डाचा फोटो पाठवतो, प्रोफाइलवरची व्हेरिफाइडची खूण दाखवतो, आधीच्या लोकांनी दिलेले स्टार दाखवतो, आणि एवढं बघितलं की आपलं मन तयार होतं आणि टोकन जातं. गडबड इथेच होते, कारण हे सगळं माणूस कोण आहे याबद्दल आहे, आणि अॅडव्हान्स देण्याआधी आपल्याला कळायला हवं ते वेगळंच आहे: जाहिरातीतली हीच वस्तू आत्ता याच माणसाच्या हातात आहे का? पहिल्याला ओळखीचा पुरावा म्हणू आणि दुसऱ्याला ताब्याचा पुरावा.

ओळखीचा पुरावा फसवणाऱ्याला फार स्वस्तात मिळतो. आयडी कार्डाचा फोटो बऱ्याचदा खरा असतो, फक्त त्याचा नसतो, आधी फसलेल्या कुणाकडून तरी "डिलिव्हरीच्या कागदांसाठी लागतो" म्हणून मागून घेतलेला असतो, म्हणून तुमच्या आयडीचा फोटो सेलरला कधीच पाठवू नका, पुढच्याला फसवायला तोच वापरला जाऊ शकतो. व्हेरिफाइडची खूण बऱ्याच ठिकाणी एवढंच सांगते की या नंबरवर किंवा ईमेलवर ओटीपी गेला आणि तो टाकला गेला. आणि जुनं, चांगल्या रेटिंगचं खातं चोरीचं असू शकतं. ते ओळखायला रेटिंगचा आकडा बघू नका, खात्याचा इतिहास बघा: इतकी वर्षं लहान मुलांचे कपडे नाहीतर पुस्तकं विकणाऱ्या खात्यावर मधे बराच काळ काहीच नाही आणि मग अचानक एकाच दिवशी चार महागड्या वस्तू, त्याही वेगवेगळ्या गावांच्या पत्त्यावर, असं दिसलं तर रेटिंग ज्याने कमावलं तो माणूस आता तिथे नाही असंच धरा.

ताब्याचा पुरावा म्हणजे तुम्ही मागण्याआधी अस्तित्वातच नव्हतं असं काहीतरी. समजा कॅमेरा घ्यायचाय. आधी लिस्टिंगमधले फोटो रिव्हर्स इमेज सर्चला टाका, दुसऱ्या गावातल्या जुन्या जाहिरातीत तेच फोटो सापडले तर विषय संपला, पण नाही सापडले म्हणजे फोटो त्याचेच आहेत असं अजिबात नाही, कारण फोटो कापून किंवा आरशासारखा उलटा करून टाकला की सर्च चुकू शकतो (लेन्सवरची अक्षरं उलटी दिसतायत का ते तेवढं बघा). मग सेलरला सांगा की कॅमेऱ्याच्या तळाचा, सिरीयल नंबर नीट वाचता येईल असा फोटो पाठवा, शेजारी कागदावर मी सांगतो तो शब्द हाताने लिहून ठेवा, कागद थोडा कॅमेऱ्याखाली सरकवलेला असू दे. शब्द तुम्हीच निवडा, काहीतरी विचित्र, आजची तारीख नको, कारण तारखेचा अंदाज कुणीही बांधू शकतो आणि फोटो आधीच बनवून ठेवू शकतो.

यापुढची पायरी फारसं कोणी करत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. त्याच कॅमेऱ्याने आत्ता एक फोटो काढायला सांगा आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागा, कारण चॅट अॅपमधून साधा फोटो म्हणून पाठवली की आतली माहिती बहुतेक वेळा निघून जाते. मूळ फाइलच्या आत कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ आणि पुष्कळ कंपन्यांच्या कॅमेऱ्यात बॉडीचा सिरीयल नंबरसुद्धा लिहिलेला असतो, तो exiftool सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतो, आणि तळाच्या फोटोतल्या नंबरशी जुळवून बघता येतो. ही माहिती बदलता येते हे खरं, पण मागितल्यावर काही मिनिटांत जुळणारी फाइल आली तर चांगली खूण आहे, आणि "नंतर पाठवतो, आधी टोकन टाका, अजून दोघं मागे लागलेत" असं आलं तर थांबा. खऱ्या सेलरलाही घाई असते, तोही वैतागतो, त्यामुळे नुसत्या वैतागावरून काही ठरवू नका, पण खऱ्या सेलरला कॅमेरा हातात घेऊन एक फोटो काढायला अडचण नसते.

आता यातली मोठी फट, कारण इथे भले हुशार लोक फसतात. मधला माणूस. तो एका खऱ्या सेलरची जाहिरात कॉपी करतो, जरा कमी किमतीत स्वतःच्या नावावर टाकतो, आणि तुम्ही जे जे मागाल ते तो खऱ्या सेलरकडे गिऱ्हाईक बनून मागतो. तुमचा विचित्र शब्द लिहिलेला कागद, ताजा फोटो, मूळ फाइल, सगळं खरं येतं, पण ताबा तिसऱ्याचाच असतो. कधी कधी तर वस्तू प्रत्यक्ष बघायलाही पाठवतात, "माझा भाऊ दाखवेल, त्याच्याशी किमतीचं बोलू नका" असं सांगून, आणि पैसे मात्र वेगळ्याच नावाच्या खात्यावर मागतात.

हा पकडायला निरोपानिरोपी अशक्य होईल असं काहीतरी लागतं. व्हिडिओ कॉल, आणि कॉल चालू असतानाच मागण्या: बॅटरीचं झाकण उघडा, लेन्स काढा, आता मेनूमध्ये भाषा बदलून दाखवा. चॅटवर झटपट बोलणारा माणूस कॉल म्हटलं की फोनचा कॅमेरा बिघडलाय, नेट नाही, ऑफिसात आहे असं सांगत राहिला तर तो मधला असण्याची शक्यता खूप वाढते. शिवाय वस्तूचं नाव आणि वर्णनातली एखादी खास ओळ इतर साइटवर शोधा, तोच ओरखडा असलेला कॅमेरा जास्त किमतीत दुसऱ्या नावाने दिसला तर त्या दुसऱ्या सेलरलाच सरळ विचारा. आणि बघायला गेलात तर वस्तू ज्याच्या हातात आहे त्याच्याशीच किंमत बोला, पैसे कुणाच्या नावावर जाणार हेही त्यालाच विचारा, "किमतीचं बोलू नका" ही अट कुणीही घातली तरी.

हे सगळं जुळलं तरी ताबा म्हणजे मालकी नव्हे, चोरीची वस्तूसुद्धा चोराच्या ताब्यातच असते. म्हणून मूळ बिलाचा फोटो मागा आणि त्यावर सिरीयल नंबर छापलेला असेल तर तोच आहे का बघा. फोन असेल तर *#06# डायल केल्यावर येणारा 15 आकडी आयएमईआय कॉलवर दाखवायला सांगा आणि बिल, बॉक्स यांच्याशी जुळवा.

आणि वस्तू दाखवून झाली म्हणजे सेलर ती पाठवेलच असं नाही, तोच कॅमेरा तो पाच जणांना दाखवून पाच टोकनं घेऊ शकतो, ते कुठल्याही फोटोत दिसत नाही. त्यामुळे लांबून घ्यायचं असेल तर साइटच्या आतली, वस्तू मिळेपर्यंत पैसे अडकवून ठेवणारी सोय वापरा, तिथेही तुम्ही स्वतः साइट उघडून आत जा, सेलरने पाठवलेल्या लिंकवरून नको, कारण हुबेहूब दिसणारं खोटं पान बनवणं अवघड नाही. ती सोय नसेल तर अॅडव्हान्स न देता समोरासमोर वस्तू हातात घेऊन पैसे द्या, आणि सेलर म्हणाला की टोकनशिवाय राखून ठेवत नाही तर नका ठेवू म्हणा, तुम्ही पोचेपर्यंत विकली गेली तर गेली.