२४३ पासून १,१७,६४९ पर्यंत: मेगावेज स्लॉट आणि त्यातला चढउतार

स्लॉट मशीनमध्ये बराच काळ जिंकण्याचा रस्ता आखीव असायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांच्या 'लिबर्टी बेल'ला तीन रील, म्हणजे चिन्हं असलेली फिरती चाकं, होते आणि मधल्या एकाच ओळीत चिन्हं जुळावी लागत. पुढे ओळी वाढल्या, तरी प्रत्येक ओळीवर वेगळी पैज लावावी लागे. ही चौकट मोडली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅरिस्टोक्रॅट कंपनीच्या 'रील पॉवर' पद्धतीने. पाच रील, प्रत्येकावर तीन चिन्हं, म्हणजे ३×३×३×३×३ = २४३ मार्ग. चिन्ह रीलवर वर आहे की खाली, याला महत्त्व उरलं नाही. डावीकडून सलग रीलवर ते आलं की पुरे.

सिडनीच्याच बिग टाइम गेमिंगने यापुढचं पाऊल टाकलं. आधी 'ड्रॅगन बॉर्न' आणि मग २०१६ च्या शेवटी आलेला 'बोनान्झा' यांत रीलची उंचीच दर स्पिनला बदलू लागली. हेच मेगावेज. सहा रील, प्रत्येकावर जास्तीत जास्त सात चिन्हं. सहाही रील पूर्ण भरले तर ७ चा सहावा घात, म्हणजे १,१७,६४९ मार्ग. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि इथेच खेळणाऱ्याची गफलत होते.

समजा प्रत्येक रीलची उंची २ ते ७ मधली कुठलीही असू शकते आणि सगळ्यांची शक्यता सारखी आहे. (खऱ्या खेळात ती सारखी असेलच असं नाही.) मग सर्व रील सातवर येण्याची शक्यता ४६,६५६ स्पिनमध्ये एकदा. मार्गांची सरासरी निघते सुमारे ८,३००, पण नेहमीचा स्पिन त्याहूनही खाली, पाच हजारांच्या आसपास असतो. मोजके प्रचंड स्पिन सरासरी वर ओढतात. पैज मात्र पाचशे मार्ग आले काय किंवा लाख आले काय, तेवढीच. म्हणून प्रत्येक मार्गाचा दर आधीच बारीक ठेवावा लागतो.

एक स्पिन उलगडून बघू. पैज १०० नाण्यांची. एका हलक्या चिन्हाला तीन जुळले की मार्गामागे १० नाणी आहेत, असं धरू. पहिल्या रीलवर ते दोनदा आलं, दुसऱ्यावर एकदा, तिसऱ्यावर तीनदा, चौथ्यावर नाही. २×१×३ = ६ मार्ग, ६० नाणी. पडद्यावर सहा विजय, खिशातून ४० नाणी गेलेली. चौथ्या रीलवरही ते दोनदा आलं असतं तर मार्ग बारा झाले असते, आणि चारच्या जुळणीचा दर १५ धरला तर १८० नाणी मिळाली असती. दुसऱ्या रीलवर ते नसतं, तर शून्य. इथे बेरीज नाही, गुणाकार चालतो. एक रील हुकला की सगळं जातं, एक रील साधला की आकडा उडी मारतो. पैजेपेक्षा कमी रक्कम मिळाल्यावर विजयाचे आवाज आणि रोषणाई करायला ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटना मनाई केली, ती अशाच स्पिनमुळे, आणि मला ती अगदी योग्य वाटते. (भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले.)

दुसरा धागा आहे कॅस्केडचा. जिंकलेली चिन्हं नाहीशी होतात, वरची खाली घसरतात, रिकाम्या जागी नवी पडतात आणि त्याच पैजेत पुन्हा जुळणी तपासली जाते. नेटएंट कंपनीच्या 'गोन्झोज क्वेस्ट' या स्लॉटने २०११ च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. दर वेळी जुळण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर एका स्पिनमागे विजय ०.३ ऐवजी सरासरी ०.४३ होतात. खेळाचा एकूण परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी खेळणाऱ्यांना परत जाणारा हिस्सा, समजा ९६ टक्के, ठरलेला असतो. तेव्हा प्रत्येक विजयाची सरासरी रक्कम ३० टक्क्यांनी कापावी लागते. पैसा साध्या विजयांतून निघून लांब साखळ्यांकडे सरकतो, आणि सलग पाच विजयांची साखळी साधारण ४११ स्पिनमध्ये एकदा लागते.

बोनान्झाने हे दोन्ही धागे एकत्र विणले आणि फ्री स्पिनमध्ये, म्हणजे बोनस म्हणून मिळणाऱ्या फुकट स्पिनमध्ये, वर एक गुणक ठेवला. प्रत्येक कॅस्केडला तो एकने वाढतो आणि पुढच्या फ्री स्पिनला परत एकवर येत नाही. त्यामुळे मोठी रक्कम द्यायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: उंच रील, लांब साखळी आणि आधीच चढलेला गुणक. परताव्याचा भरीव हिस्सा या बोनसमध्ये अडकलेला असल्याने, बोनस न लागता काहीशे स्पिन खेळणाऱ्याला ९६ टक्क्यांपेक्षा बरंच कमी परत मिळतं. मशीन बिघडलेलं नसतं. ९६ हा आकडा लाखो स्पिनांचा आहे, आणि व्होलॅटिलिटी, म्हणजे हा चढउतार, जितकी जास्त, तितके जास्त स्पिन तो दिसायला लागतात.