मुलाने गेममध्ये परस्पर खर्च केलेले पैसे परत मागताना: स्टुडिओला लिहायचं पत्र, पात्रता आणि कागदपत्रं

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, शाळेला सुट्टी असते आणि आईचा फोन मुलाच्या हातात असतो. महिन्याअखेरी बँकेचं स्टेटमेंट पाहिलं की ८९, ४४९, ८९९ अशा रकमांची रांग दिसते. हे पैसे परत मागता येतात. पण कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या शब्दांत मागता यावर बरंच काही ठरतं. इथे मुख्यतः अँड्रॉइड फोनची प्रक्रिया दिली आहे, कारण गेम बनवणाऱ्या कंपनीला, म्हणजे स्टुडिओला, लिहिलेल्या पत्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

आयफोनवरची खरेदी असेल तर स्टुडिओला पत्र लिहून पैसे मिळत नाहीत. ॲप स्टोअरवरचा परतावा फक्त ॲपल देतं, स्टुडिओच्या हातात ते नसतं. तिथे reportaproblem.apple.com वर लॉगिन करून, मुलाने परवानगीशिवाय खरेदी केली हे कारण निवडून अर्ज करावा. ॲपल कधी कधी स्टुडिओकडे विचारणा करतं, की विकत घेतलेले डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, वापरले गेले का. म्हणून तिथेही गेम खेळणं ताबडतोब थांबवलेलं बरं.

अँड्रॉइडवर व्यवस्था वेगळी आहे. गुगल प्लेवरून झालेल्या खरेदीचा ऑर्डर क्रमांक मिळाला, की स्टुडिओ आपल्या खात्यातून तो पूर्ण किंवा अंशतः परत करू शकतो. त्यामुळे पत्रात सगळ्यात वजनदार गोष्ट भावना नव्हे, ऑर्डर क्रमांक असतो.

‘अनधिकृत’ या शब्दाची अडचण

बहुतेक पालक इथेच चुकतात. आपल्या दृष्टीने मुलाने न विचारता केलेला खर्च अनधिकृतच असतो. गुगल मात्र हा शब्द ओळखीच्या नसलेल्या माणसाने केलेल्या व्यवहारासाठी वापरतं. त्यासाठीचा १२० दिवसांच्या मुदतीचा फॉर्म अशा परक्या व्यवहारांसाठीच आहे. घरातल्या माणसाने केलेल्या खरेदीला नेहमीचा परताव्याचा मार्ग लागतो: खरेदीपासून ४८ तासांच्या आत असाल तर थेट गुगल प्लेकडे, त्यानंतर सहसा स्टुडिओकडे.

म्हणून ‘खातं हॅक झालं’ असं कधीच लिहू नका. व्यवहार त्याच फोनवरून आणि त्याच खात्यातून झाल्याचं त्यांना दिसतं, आणि एकदा विधान खोटं ठरलं की खरी मागणीही ऐकली जात नाही. बँकेकडे किंवा १९३० या सायबर हेल्पलाइनवर फसवणूक म्हणून तक्रार करण्यालाही हेच लागू. पिन घरातल्याच मुलाने टाकला असेल तर बँक तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरू शकते. कार्डाचा व्यवहार बँकेकडून उलटवून घेतला तर गेमचं आणि कधी गुगलचं खातंही अडकतं. पत्रात लिहायचं ते एवढंच: ‘अल्पवयीन मुलाने पालकांच्या संमतीशिवाय केलेली खरेदी’.

कोण पात्र, कुठे अडतं

खरेदीच्या दिवशी मूल १८ वर्षांखालचं असावं आणि ज्या खात्यातून पैसे गेले ते अर्जदार पालकाचं असावं. भारतीय वयस्कता कायदा १८७५ नुसार १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत व्यक्ती अज्ञान, म्हणजे कायद्याच्या भाषेत अल्पवयीन, असते आणि भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नसते. अज्ञानाशी केलेला करार मुळातच शून्य असतो, असं ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या प्रकरणात ठरवलं होतं.

हा मुद्दा भक्कम आहे, पण त्याला एक मर्यादा आहे. स्टुडिओ म्हणू शकतो, ‘आमच्यासमोर मूल नव्हतंच, प्रौढ व्यक्तीचं खातं आणि तिचा पिन होता.’ आपल्याकडे यूपीआय पिन किंवा ओटीपीशिवाय सहसा पैसे जात नाहीत, त्यामुळे मुलाला पिन कसा कळला हा प्रश्न येणारच. किराणा दुकानात पैसे द्यायला आईनेच पिन सांगितला होता, असं असेल तर तेच लिहा. दुकानात किंवा पेमेंट ॲपवर विकत घेतलेला गुगल प्लेचा रिचार्ज कोड वापरला असेल तर पुढच्या खरेदीला ओटीपी लागतच नाही, तेही स्पष्ट करा. खाते सुरक्षित ठेवलं नसेल तर गुगल परतावा नाकारू शकतं. म्हणून पिन आता बदलला आहे आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लावली आहे, हे पत्रात असावं.

खरेदी प्ले स्टोअरमधून न होता एखाद्या टॉप-अप वेबसाइटवरून झाली असेल तर गुगल प्लेचा, GPA. ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक मिळणार नाही. अशा वेळी अर्ज त्या विक्रेत्याकडेच करावा लागतो.

पहिल्या तासात करायचं काम

रागाच्या भरात गेम काढून टाकू नका. मुलगा ‘गेस्ट’ म्हणून खेळत असेल तर गेम काढल्यावर ते खातं पुन्हा उघडेलच असं नाही, आणि मग कोणत्या खेळाडूला डायमंड गेले हे दाखवता येत नाही. आधी गेमच्या प्रोफाइलमधला प्लेयर आयडी, सर्व्हर आणि शिल्लक डायमंड यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग खेळ बंद.

त्यानंतर प्ले स्टोअर उघडून वरच्या फोटोवर टॅप करा आणि Payments & subscriptions मध्ये Budget & history पाहा. प्रत्येक खरेदीची पावती मेलवरही येते, पाठवणारा googleplay-noreply@google.com असतो. बँकेचे एसएमएस पुसले गेले असले तरी या पावत्या आणि स्टेटमेंट राहतात. दोन्हींची रक्कम आणि वेळ जुळवून एक तक्ता करा.

एक उदाहरण घेऊ. मनीषनगरमधल्या एका आईने १० मे रोजी सायंकाळी ७ वाजता स्टेटमेंट पाहिलं. १५ वर्षांच्या मुलाने ४ ते ७ मे दरम्यान ८९ रुपयांच्या ३, ४४९ च्या ४ आणि ८९९ च्या २ खरेद्या केल्या होत्या, एकूण ३,८६१ रुपये. ९ मे रोजी दुपारी ८९९ च्या आणखी ३, म्हणजे २,६९७ रुपये. बारा ऑर्डर मिळून ६,५५८ रुपये झाले. शेवटच्या तीन अजून ४८ तासांच्या आत आहेत, त्यामुळे त्यांचा अर्ज त्याच रात्री play.google.com वरच्या ऑर्डर यादीतून Report a problem निवडून करायचा. प्रत्येक ऑर्डरचा अर्ज वेगळा. उरलेल्या नऊ ऑर्डरसाठी स्टुडिओला पत्र. बाराही ऑर्डर पत्रात घातल्या तर पत्ता मिळवून उत्तर येईपर्यंत त्या शेवटच्या तीन ऑर्डरचे ४८ तास निघून जातात.

पत्राचा मसुदा

स्टुडिओचा मेल पत्ता प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर App support मध्ये मिळतो. गोपनीयता धोरणात भारतासाठीच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असेल तर त्यालाही प्रत पाठवा. स्टुडिओ परदेशी असेल तर हाच मजकूर याच क्रमाने इंग्रजीत पाठवा.

> विषय: अल्पवयीन मुलाने संमतीशिवाय केलेल्या ९ खरेद्यांचा परतावा, प्लेयर आयडी ______
>
> महोदय,
>
> मी खाली दिलेल्या गुगल खात्याची धारक आणि १५ वर्षांच्या मुलाची आई आहे. ४ ते ७ मे या काळात माझ्या मुलाने माझ्या फोनवरून, मला न विचारता, तुमच्या गेममध्ये ९ खरेद्या केल्या. एकूण रक्कम ३,८६१ रुपये. ऑर्डर क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम यांचा तक्ता जोडला आहे.
>
> किराणा खरेदीसाठी त्याला माझा यूपीआय पिन माहीत होता. गेममधल्या खरेदीला मी परवानगी दिलेली नव्हती. मला हे १० मे रोजी कळलं आणि त्याच दिवशी खेळ थांबवला. खात्यात आज ३४० डायमंड शिल्लक आहेत, स्क्रीनशॉट जोडला आहे. पिन बदलला असून प्रत्येक खरेदीला पडताळणी लावली आहे.
>
> मुलगा भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ नुसार करार करायला सक्षम नाही. तरी या ९ ऑर्डरची पूर्ण रक्कम मूळ पेमेंट मार्गाने परत करावी. त्या बदल्यात दिलेले डायमंड व वस्तू खात्यातून काढून घेण्यास माझी हरकत नाही. वयाचा पुरावा मागितल्यास देईन.
>
> तक्रार क्रमांक कळवावा.

डायमंड काढून घ्यायला हरकत नसल्याचं वाक्य मुद्दाम आहे. परतावा दिला की स्टुडिओ डायमंड कापून घेतो, आणि ते आधीच खर्च झाले असतील तर खातं उणे शिल्लकीत जाऊ शकतं किंवा बंद होऊ शकतं. मुलाला हे पत्र पाठवण्याआधी सांगा. तुमची तयारी पत्रात दिसली की स्टुडिओला नाही म्हणायचं एक कारण कमी होतं. धमकीची भाषा मात्र पहिल्या पत्रात नको. ते वाचणारा मदत कक्षातला कर्मचारी असतो, आणि कोर्टाचं नाव दिसलं की तो पत्र विधी विभागाकडे सरकवण्याची शक्यता वाढते.

काय जोडावं, काय नाही

ऑर्डरचा तक्ता, पावत्या, बँक स्टेटमेंटचं संबंधित पान आणि गेममधले स्क्रीनशॉट एवढं पहिल्या पत्राला पुरतं. स्टेटमेंटवरच्या बाकीच्या नोंदी काळ्या करा. कार्डाचा पूर्ण क्रमांक, पिन आणि ओटीपी कोणी मागितला तरी देऊ नका. वयाचा पुरावा मागितला तर महानगरपालिकेचा जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड द्या, दाखल्यावर पालकांचं नाव असल्याने नातंही सिद्ध होतं. आधार द्यावंच लागलं तर मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच अंक दिसणारं.

उत्तर आलं नाही तर

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. भारतातल्या ग्राहकांना विक्री करणाऱ्या परदेशी कंपनीलाही हे नियम लागू आहेत. महिना उलटला किंवा नकार आला, की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, ती मराठीतही घेतली जाते. कायद्याचा उल्लेख असलेलं कडक पत्र आता योग्य ठरतं, आणि त्यात पहिल्या पत्राची तारीख व तक्रार क्रमांक हवाच.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे नागपूरच्या पालकाला नागपूर जिल्हा आयोगातच जाता येईल. अर्ज e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन भरता येतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ३,८६१ रुपयांसाठी वकील लावणं परवडणारं नाही, पण आयोगात स्वतः बाजू मांडता येते, आणि तिथे तोच ऑर्डरचा तक्ता, तेच पत्र आणि त्याची पोच पुरावा म्हणून जोडायची असते.